कात्रण आधी सरळ करा, मग कापा

मागच्या व्हिडिओत मी फोटोतलं पान सरळ करणं दोन मिनिटांत उरकलं. त्यानंतर वडनेरला जाणं झालं, आणि तिथे हायवेजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जे पाहिलं त्यावरून वाटलं की हा विषय घाईत सांगायचा नव्हता.

एक कास्तकार काका हातात ए-फोर कागद घेऊन आले. जमीन घेण्याआधी वकिलामार्फत पेपरात जाहीर सूचना दिली होती. तिचं कात्रण फाईलला लावायचं होतं. "भाऊ, हे चालत नाही म्हणते. गट नंबर वाचता येत नाही, अन् पेपर कोणता, तारीख कोणती, काहीच नाही यात." दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, फोटो तर क्लिअर होता." आणि खरंच, मोबाईलवर फोटो क्लिअर होता. कागदावर मात्र ओळी उजवीकडे खाली उतरत होत्या, डावीकडची अक्षरं मोठी आणि उजवीकडची बारीक होती, आणि गट क्रमांकातला शेवटचा आकडा १ आहे की ९, हे सांगता येत नव्हतं. सात-बाराच्या कामात १ आणि ९ मधला फरक म्हणजे दुसऱ्याचं वावर.

माझं मत स्पष्ट सांगतो. बहुतेक दुकानांत कात्रणाचं काम उलट्या क्रमाने होतं. आधी क्रॉप, मग थोडं फिरवायचं, मग प्रिंट. आणि फिरवणं म्हणजे सरळ करणं, असा समज आहे. तसं नाही.

फोन तिरपा धरला की पानाची जवळची बाजू मोठी दिसते, लांबची लहान. चौकोनी सूचना फोटोत चौकोन राहत नाही, तिच्या समोरासमोरच्या कडा एकमेकींकडे झुकतात. फिरवल्याने सगळं चित्र सारखंच फिरतं, झुकाव तसाच राहतो. ओळखायचं कसं? डावी उभी रेघ स्क्रीनच्या कडेला समांतर करा आणि उजवी, वरची आणि खालची रेघ बघा. उजवीही उभी आणि वरची-खालची आडवी असेल तर फिरवणं पुरेसं आहे. त्यातली एखादी अजून तिरपी असेल तर कितीही फिरवा, एक बाजू जमली की दुसरी बिघडेल. तिथे चार कोपऱ्यांची दुरुस्ती लागते.

पण आधी फोटोबद्दल बोलू, कारण काकांचा गट नंबर तिथेच हरवला होता. पोराने काउंटरवर पेपर पसरून अख्ख्या पानाचा फोटो काढला होता. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीकडे साधारण ४,००० ठिपके असतात. मोठ्या आकाराच्या पेपराचं पान सुमारे ५२ सेंटिमीटर उंच. म्हणजे एका सेंटिमीटरला ७५-७७ ठिपके आले, आणि चार सेंटिमीटरच्या कॉलमला जेमतेम ३००. तो कॉलम ए-फोरभर मोठा करून छापला तर अक्षरांच्या कडा फुटणारच. मोठं केल्याने नवीन ठिपके येत नाहीत, आहेत तेच पसरतात.

म्हणून फोटो सूचनेचा काढा, पानाचा नाही. सूचना फ्रेमचा दोन तृतीयांश भाग व्यापेल आणि चारही बाजूंनी शेजारचा मजकूर बोटभर दिसेल, इतकं जवळ या. फोन अगदी कागदाला टेकवू नका, सावली पडते आणि कडेच्या रेघा बाहेर फुगतात. हातभर वरून दुप्पट झूम केलेलं बरं. पेपरची घडी सूचनेवरून जात असेल तर ती उलट्या बाजूने दाबून सपाट करा. चार कोपऱ्यांची दुरुस्ती सपाट कागदासाठी असते. घडीची लाट किंवा पुस्तकाच्या शिवणीजवळचा बाक तिने जात नाही. कोपरे जुळले तरी मधली ओळ धनुष्यासारखी वाकलेली दिसली, तर ॲपशी झटापट करू नका, फोटो पुन्हा काढा.

आता कोपरे. गूगल ड्राइव्हचं स्कॅन घ्या किंवा तुमच्या सवयीचं दुसरं ॲप. ते आपोआप कागदाच्या कडा शोधतं. कात्रणासाठी हीच अडचण आहे. त्याला अख्खं पान दिसतं, किंवा काउंटरची कड दिसते, तुम्हाला हवी ती सूचना नाही. क्रॉपचं चिन्ह दाबा आणि चारही ठिपके स्वतः ओढून सूचनेच्या छापील चौकटीच्या कोपऱ्यांवर ठेवा. पेपरची कड विश्वासाची नसते, ती फाटलेली असते, तिरपी कापलेली असते. छापील रेघ मात्र काटकोनात असते. चौकट नसलेली बातमी असेल तर दोन कॉलममधली रेघ किंवा मोकळी पट्टी, आणि वर-खाली मजकुराची पहिली आणि शेवटची पूर्ण ओळ धरा.

ठिपका ठेवताना बोटाने जागा झाकली जाते, म्हणून फोटो मोठा करून ठेवा. किती अचूक? समजा कोपरा १० ठिपक्यांनी चुकला. सूचना ३०० ठिपके रुंद असेल तर रेघ जवळजवळ दोन अंशांनी तिरपी होते, डोळ्याला खुपते. तीच सूचना २,००० ठिपके रुंद असेल तर तेवढ्याच चुकीने पाव-एक अंशाचा फरक पडतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि म्हणूनच आधी क्रॉप करू नका म्हणतो. घट्ट क्रॉप केलं की ज्या रेघांच्या आधाराने सरळ करायचं त्याच कापल्या जातात, एखादा कोपरा तर फोटोबाहेरच जातो.

कंप्युटरवर करत असाल तर गिम्पमध्ये `Shift+P` दाबा, दिशा `Corrective (Backward)` निवडा, जाळी चौकटीवर बसवा, मग `Shift+C` ने कापा. मोबाईलपेक्षा वेळ जास्त जातो, पण दर तासाला दोन-चार कात्रणं येणाऱ्या दुकानाला माझा सल्ला हाच.

इथपर्यंत केलं की चित्र सरळ दिसतं. तिथेच बरेच जण फसतात, कारण सरळ दिसणारं चित्र ताणलेलं असू शकतं. चार कोपरे कळले तरी चौकटीची खरी उंची आणि रुंदी किती, हे ॲपला अंदाजानेच ठरवावं लागतं. काकांची सूचना आम्ही पट्टीने मोजली. ८.२ सेंटिमीटर रुंद, १२.३ उंच, म्हणजे उंची रुंदीच्या दीडपट. सरळ केलेलं चित्र आलं १,७२० बाय २,२१० ठिपक्यांचं. १,७२० ची दीडपट २,५८० होते. चित्र चपटं झालं होतं. गिम्पमध्ये `Image > Scale Image` मध्ये साखळी तोडून उंची २,५८० केली आणि अक्षरं पेपरातल्यासारखी दिसू लागली.

सूचनेत हे चपटेपण चालूनही जातं, अक्षर वाचलं गेलं की झालं. आकृतीत चालत नाही. हे बोलत असतानाच ट्यूशनचे एक सर आले, दहावीच्या विज्ञानातली काचेच्या चिपेची आकृती प्रश्नपत्रिकेत टाकायला. मुलांनी कोनमापकाने कोन मोजून अपवर्तनांक काढायचा होता. समजा पुस्तकात आपाती कोन ४५ अंश आणि अपवर्तन कोन सुमारे २८ अंश आहे, उत्तर १.५ येतं. आता ॲपने तीच आकृती, चिप आडवी असताना, २० टक्के आडवी ताणली. कोन होतात सुमारे ५० आणि ३३ अंश, आणि उत्तर येतं १.४२. आत जाणारा आणि बाहेर पडणारा किरण तरीही समांतरच दिसतात, म्हणून सरांना संशय येत नाही. मुलाने बरोबर मोजलं आणि गुण गेले, असा हा प्रकार. आकृतीत वर्तुळ असेल तर ते बघा, आडवं आणि उभं मोजून सारखं आलं पाहिजे. वर्तुळ नसेल तर पट्टी काढा.

खरं तर बालभारतीच्या पुस्तकातली आकृती फोटोतून घ्यायची गरज नाही. पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या साईटवर मोफत मिळते, तिथून घेतलेली आकृती ना तिरपी ना ताणलेली. फोटो जुन्या आवृत्तीसाठी ठेवा. आणि पुस्तकाच्या सुरुवातीला परवानगीशिवाय भाग वापरू नये असं लिहिलेलं असतं. वर्गात शिकवण्यासाठी एक आकृती घेणं वेगळं, त्याच आकृत्यांचा गाईड छापून विकणं वेगळं. ते काम आलं तर नाही म्हणा.

काकांचा दुसरा प्रश्न तारखेचा होता. सूचना पानाच्या खालच्या कोपऱ्यात असते आणि पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक सगळ्यात वर. एका फोटोत दोन्ही घ्यायला गेलं की पुन्हा अख्ख्या पानावर येतो. म्हणून दोन फोटो काढा, वरच्या पट्टीचा एक आणि सूचनेचा एक. दोन्ही वेगवेगळे सरळ करा आणि एका ए-फोरवर लावा, पण मध्ये दोन बोटं पांढरी जागा सोडा. पट्टी सूचनेला चिकटवून एकसंध कात्रण असल्यासारखं दाखवणाऱ्यांचं काम मला पटत नाही. पानावर ते तसं नव्हतं, आणि समोरच्याने मूळ पेपर मागितला तर तुमचं कात्रण बनावट वाटेल. सोबत अख्ख्या पानाचा एक फोटो काढून ठेवा, सूचना कुठे होती ते त्यात दिसतं. काकांना मूळ पेपर जपून ठेवायलाही सांगा, कारण काही ठिकाणी तोच लागतो.

एक छोटी गोष्ट राहिली. काळं-पांढरं करणारं फिल्टर पेपरचा पिवळेपणा घालवतं म्हणून सगळ्यांना आवडतं. पण बारीक छपाईत ते ९ चं पोट बुजवतं आणि आकृतीतली तुटक रेघ खातं. करड्या रंगात ठेवा, उजेड थोडा वाढवा, बस.

आम्ही काकांच्या पेपरचा फोटो नव्याने काढला, सरळ केला, उंची दुरुस्त केली आणि खऱ्या मापात, ८.२ सेंटिमीटर रुंदच छापला. शेवटचा आकडा ९ होता. पोराने नेहमीप्रमाणे दहा रुपये सांगितले. मी म्हटलं, झेरॉक्सचे दहा घे, पण हे पंधरा मिनिटांचं काम आहे, याचे तीस सांग. तो काकांकडे बघून लाजला. काकांनी खिशातून तीस काढून काउंटरवर ठेवले आणि दोन प्रती अजून मागितल्या.