हात रिकामा झाला म्हणून कार्ड उचलावे काय?

गणपतीच्या आधीचे आठ दिवस मुंबई-गोवा महामार्गावर गॅरेज चालविणाऱ्याची काय अवस्था होते, हे दासगावच्या वाचकांना सांगायला नको. चाकरमान्यांच्या गाड्या, वडाप, टेम्पो, सारे एकदमच दारात उभे. बऱ्याच गॅरेजमध्ये आता जॉबकार्डाची पद्धत आली आहे. मालक सकाळी प्रत्येक मिस्त्रीला त्याच्या गाड्या नेमून देतो आणि उरलेली कार्डे भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. ज्याचे काम आटोपेल त्याने तेथून कार्ड घ्यावे, असा रिवाज. वाद होतात ते या खिळ्यावरूनच. मालकाला वाटते, मिस्त्री बसून आहे. मिस्त्रीला वाटते, मी माझे काम पुरे केले, आता जास्तीचे का?

आमच्या मते दोघेही चुकीचा प्रश्न विचारतात. खरा प्रश्न असा की, हे कार्ड आता उचलले तर ते पुरे होईल काय?

एक उदाहरण घेऊ. दुपारचे साडेतीन वाजले आहेत आणि गॅरेज सहाला बंद होते. मिस्त्रीच्या दोन गाड्यांपैकी एक गेली. दुसरीचे काम झाले आहे, पण चालवून पाहिलेली नाही. खिळ्यावर तीन कार्डे आहेत. पहिले पुढच्या ब्रेक पॅडचे, गिऱ्हाइकाला सहाचा वायदा. दुसरे क्लच प्लेटचे, वायदा उद्या संध्याकाळचा. तिसरे वायरिंगचे, दिवा मधूनच बंद पडतो, आणि ते तीन दिवस तसेच लटकते आहे.

प्रथम स्वतःची दुसरी गाडी. ट्रायल झाली नाही तोवर ती "झाली" असे म्हणता येत नाही. ती पाऊण तासाने परत आली तर हातातले नवे काम सोडून तिच्याकडे धावावे लागेल. ट्रायलला वीस मिनिटे धरा. मग चारच्या आत ब्रेक पॅड घ्यावेत. दोन्ही चाके काढून, डिस्क पाहून, कॅलिपरच्या पिना साफ करून, ग्रीस लावून सर्वसाधारण तासाभराचे काम. डिस्कला खोल चरे निघाले तरी गिऱ्हाइकाला कळवायला वेळ उरतो.

पाच वाजले. अजून एक तास हाती आहे. आता क्लच प्लेट उघडावी काय? येथेच मेहनती माणूस फसतो. गिअरबॉक्स उतरवला आणि फ्लायव्हीलवर चरे दिसले तर ते लेथवर द्यावे लागते. महाडच्या लेथवाल्याकडे पोहोचेतो तो दुकान बंद करीत असतो. गाडी रात्रभर खड्ड्यावर अडकते, आणि सकाळी बिघडून आलेल्या गाडीला खड्डा मोकळा नसतो. एक तास वाचवायला जाऊन दुसऱ्याचा अर्धा दिवस गेला.

यामागे हिशेब आहे. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी 1961 साली तो गणिताने सिद्ध केला. गॅरेजमध्ये सरासरी 8 गाड्या आत असतील आणि रोज 4 बाहेर पडत असतील, तर एक गाडी सरासरी 2 दिवस राहते. मिस्त्री रिकामे दिसू नयेत म्हणून 12 उघडल्या आणि बाहेर पडणाऱ्या 4 च राहिल्या, तर तीच गाडी 3 दिवस राहील. उघडलेल्या कामाने गिऱ्हाइकाचे काही भागत नाही.

मग तो तास कसा घालवावा? शेजारच्या मिस्त्रीची गाडी संपत आली असेल तर त्याला हात द्यावा. नाहीतर वायरिंगचे कार्ड पाहावे. वायरिंग आपल्याला येत नसेल तर दुरुस्तीला हात घालू नये. पण बॅटरीची टोके आणि अर्थिंगची जागा घासून साफ करता येते, बिघाड कोणत्या वेळी होतो हे गिऱ्हाइकाला विचारून कार्डावर लिहिता येते. बहुतेक ठिकाणी हे कार्ड तसेच लटकत राहते, कारण प्रत्येक जण ऑइल बदलायची सोपी कार्डे आधी खेचतो. कामावर कमिशन असेल तर विचारूच नका! यावर मालकाने एकच शिस्त लावावी: वायदा जवळचा ते आधी, वायदे सारखे असतील तर जुने आधी. सोपे-कठीण पाहायचे नाही.

कार्ड घेताना त्यावर नाव आणि वेळ घालावी, नाहीतर एकाच गाडीला दोघे लागतात. काम अर्धे सोडावे लागले तर काय उघडले, कोणते बोल्ट नुसते हाताने लावलेत, हे लिहूनच कार्ड परत अडकवावे. चाकाचे नट ढिले राहिलेली गाडी दुसऱ्याने "झाली" समजून बाहेर काढली, तर पुढे काय होईल ते महामार्गावर राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

मिस्त्रीचीही एक बाजू आहे. रोज तोच माणूस खिळ्यावरची चार कार्डे संपवतो आणि पगार मात्र सर्वांना सारखा, तर तो महिन्याभरात आपला वेग कमी करील. त्याला दोष देता येणार नाही. मालकाने नावे कार्डावर लिहून घेतलेलीच असतात. शनिवारी ती मोजायला दहा मिनिटे लागतात.