‘उपेक्षित’ हा शब्द खोडल्यावर

आट्यापाट्यांवर लेख लिहू का, असं विचारणारा माझा पहिला मेल एका संपादकांकडे गेला आणि तीन आठवडे तिकडून काहीच आलं नाही. राग आला होता, पण मग तो मेल मी परक्याच्या नजरेनं वाचून पाहिला. पहिलंच वाक्य होतं, ‘मराठी मातीतला एक उपेक्षित खेळ आज अखेरच्या घटका मोजत आहे.’ आट्यापाट्यांच्या जागी लगोरी लिहिलं असतं, विटी-दांडू लिहिलं असतं, तरी वाक्याला कुठे धक्का लागला नसता. पुढे चार परिच्छेद इतिहास, त्यानंतर शासनानं लक्ष द्यायला हवं वगैरे. खेळ कसा खेळतात याचा एक शब्द नव्हता. ज्या खेळाचं नावच निम्म्या वाचकांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, त्याच्यावर संपादकानं पानं का द्यावीत, याचं उत्तर त्या मेलमध्ये कुठेच नव्हतं.

मुक्त पत्रकाराचा मेल हाच त्याचा लेखाचा नमुना असतो. संपादकाला त्यातून दोन गोष्टी समजून घ्यायच्या असतात: या माणसाकडे नुसता विषय आहे की गोष्ट आहे, आणि ती त्याला सांगता येईल का. विषय माझ्याकडे होता. गोष्टीसाठी मला मैदानावर जावं लागलं.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी दोन संध्याकाळी मी सराव बघत बसले. पहिल्या दिवशी काहीच कळलं नाही. फक्कीनं आखलेल्या नऊ आडव्या पाट्या, त्यांवर उभे नऊ जण, समोरून घुसणारे नऊ जण. एकाच वेळी पाच ठिकाणी हुलकावण्या चाललेल्या. डोळा ठेवायचा कुणावर? दुसऱ्या दिवशी तिथल्या प्रशिक्षकांनी, मी त्यांना गुरुजीच म्हणते, शेजारी बसून सांगितलं, ‘ताई, सगळ्यांकडे बघू नका. सूर बघा.’

सूर म्हणजे त्या नऊ पाट्यांना मधोमध छेदणारी उभी पाटी, आणि ती राखणारा खेळाडूही सूरच. आडवी पाटी २३ फूट १ इंच लांब, रुंदी जेमतेम १ फूट १ इंच. त्या चिंचोळ्या पट्ट्यात पाय ठेवूनच राखणाऱ्यानं समोरच्याला शिवायचं. २३ फूट एकट्यानं अडवणं अवघड. चपळ गडी डावीकडे झेपावल्यासारखं करतो आणि उजवीकडून निसटतो. मात्र सूर धावत आला की सगळं गणित फिरतं. त्याला ८९ फूट १ इंचाची अख्खी उभी पाटी मोकळी असते. तो त्या जागी पोचला की मधली रेषा ओलांडणं धोक्याचं होतं, आणि घुसणाऱ्याच्या वाट्याला उरतो ११ फूट रुंद आणि ९ फूट ११ इंच लांब एवढा चौकोन. पुढे एक पाटी, मागे एक पाटी, बाजूला सूर. हीच कोंडी.

माझ्यासमोर एक पोरगा असा कोंडला गेला. तो जागच्या जागी थबकला, खांदे सैल सोडले, सुराकडे पाहिलंही नाही. त्याच वेळी दोन पाट्या मागे त्याच्या जोडीदारानं मुद्दाम सूरपाटीजवळ उडी घेतली. सूर तिकडे वळला, आणि तेवढ्या श्वासात हा पाटी ओलांडून गेला. एक पाटी, एक गुण. जोडीदार मात्र शिवला गेला. एकानं स्वतः बाद होऊन दुसऱ्याला वाट काढून दिली होती. तिथे मला लेख सापडला.

घरी येऊन दुसऱ्या एका मासिकाला मेल लिहिला. विषयाच्या ओळीत ‘लेखाचा प्रस्ताव : आट्यापाट्यांतला सूर’, आणि खाली एवढंच:

‘सप्रेम नमस्कार. जानेवारी २०२५मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले. कबड्डी १९९०पासून आशियाई खेळांत आहे आणि २०१४पासून तिची व्यावसायिक लीग आहे. याच मातीतल्या आट्यापाट्या मैदानापलीकडे का गेल्या नाहीत, या प्रश्नाचं उत्तर मला खेळाच्या रचनेतच दिसतं. कबड्डीत चढाई करणारा एक, खो-खोत पाठलाग करणारा एक. प्रेक्षकाची नजर त्याच्यावर ठरते. आट्यापाट्यांत नऊ झुंजी एकदम चालतात आणि कॅमेऱ्याला धरायला एक माणूस नसतो. खरं तर तो असतो: सूर. मी एका संघाच्या सुराबरोबर सात मिनिटांचा एक डाव, पाटी दर पाटी, वाचकाला दाखवेन. दोन दिवस सराव पाहिला आहे. प्रशिक्षकांनी सामन्याआधी आणि नंतर संघासोबत राहण्याची परवानगी दिली आहे. १५०० शब्द, मैदानाची एक आकृती, छायाचित्रं सोबतच्या छायाचित्रकाराची. सामन्यानंतर दहा दिवसांत मजकूर देईन. माझे दोन छापील लेख जोडत आहे. मानधन आणि प्रवासखर्चाबद्दल आपली पद्धत कळवावी.’

विश्वचषकाची ओळ लिहिताना मी बराच वेळ अडले होते. आडबाजूच्या खेळाची हीच मोठी अडचण असते. क्रिकेटच्या लेखाला मालिकेचं निमित्त आयतं मिळतं. इथे ‘आत्ताच का?’ याला दाखवायला तारीख नसते. मग निमित्त शेजारच्या घरातून आणावं लागतं, पण ते ओढूनताणून आणलेलं नको. खो-खोचं निमित्त मला खरं वाटलं, कारण त्यातून ‘मग हाच का मागे राहिला?’ हा प्रश्न आपोआप निघतो. तरी रचनेचं कारण ‘मला दिसतं’ असंच मी लिहिलं. पैसा, संघटना, शाळांची मैदानं ही कारणंही असणार, आणि ती लेखात तपासायची आहेत. मेलमध्येच निकाल देऊन टाकला तर लेखात शोधायला काय उरलं?

परवानगीचं वाक्यही नीट जपून लिहिलं. आधी होकार घेऊन संपादकाला सांगायचं, हा क्रम उलटा झाला की माणूस तोंडघशी पडतो. एकदा माझ्यावर ती वेळ आली आहे: लेख मंजूर झाला आणि संघानं दार लावून घेतलं. मानधनाचा मात्र फार विचार करायचा नाही. एका ओळीत स्पष्ट विचारायचं आणि थांबायचं.

शंभरावर शब्दांचा तो मेल लिहायला मला दोन संध्याकाळी आणि एक एसटीचा प्रवास लागला. नव्यानं लिहिणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगेन की आधी मैदानावर जा, मग मेल लिहा. आणि ‘उपेक्षित’ हा शब्द आलाच, तर तो खोडून त्या जागी तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहा.

नवव्या दिवशी उत्तर आलं. संपादकांनी १८०० शब्द दिले आहेत, आणि एक अट घातली आहे: आकृती आधी हवी, ती पाहून खेळ कळला तरच पुढे जायचं. काल रात्री मोजपट्टी घेऊन बसले, नऊ आडव्या रेघा आणि एक उभी काढली, सुराची धाव तांबड्या शाईनं दाखवली आणि पाठवून दिली.