उलाढाल म्हणजे नफा नव्हे

समजा, सुरतेत उधन्याच्या एका साडीदुकानाच्या इन्स्टाग्राम पानाचा महिन्याचा गोषवारा असा आला: इम्प्रेशन्स ९०००, रीच ३०००, फॉलोअर्सची वाढ १२. दुकानदार ९००० वर खूश होईल. पण इम्प्रेशन्स म्हणजे मजकूर किती वेळा दिसला. इन्स्टाग्रामवर आता त्यांची जागा 'व्ह्यूज'ने घेतली आहे. रीच म्हणजे किती खात्यांना दिसला. अर्थात सरासरीने प्रत्येक खात्याला तीनदा. रोजच्या रीचची बेरीज करून महिन्याचा रीच काढू नये. तेच खाते अनेकदा मोजले जाते. आणि १२ ही निव्वळ वाढ: ४० आले, २८ गेले, तरी बाराच! म्हणून रीच वाढवण्याआधी ते २८ का गेले हे पाहावे, असे माझे मत आहे. आम्ही वाणिज्यवाले उलाढालीला नफा म्हणत नाही. मग इथेच का म्हणावे?