आभाळातले चातुर्वर्ण्य: 'ब्राह्मणी' घार आणि 'पारिया' घार



मागच्या हिवाळ्यात वस्तीतल्या अभ्यासिकेची दहा-बारा पोरं घेऊन मी कोकणातल्या एका मासेमारी बंदरावर गेलो होतो. सोबत पक्ष्यांची माहिती सांगायला एक गृहस्थ होते. डोक्यावर दोन घारी फिरत होत्या. एकीचे डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग तांबूस विटकरी. दुसरी सगळी तपकिरी, शेपूट माशासारखे दुभंगलेले. गृहस्थ म्हणाले, "ती देखणी आहे ना, ती ब्राह्मणी घार. आणि ही घाणीवर जगणारी, हिला पारिया घार म्हणतात." नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, पारिया म्हणजे काय?" ते म्हणाले, "ते शास्त्रीय नाव आहे, त्याला अर्थ नसतो."

या एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी आहेत. पारिया हे शास्त्रीय नाव नाही, आणि त्याला अर्थ आहे.

आधी अर्थ. तमिळनाडूत परैयर नावाची जात आहे. परै म्हणजे ढोलासारखे वाद्य. ते वाजवणारे ते परैयर, आणि जातिव्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेले. युरोपियन व्यापारी दक्षिणेत आले, त्यांनी हा शब्द उचलला आणि इंग्रजीत 'पारिया' म्हणजे बहिष्कृत, टाकून दिलेला असा अर्थ करून टाकला. मग गल्लीतला बिनमालकाचा कुत्रा झाला 'पारिया डॉग' आणि उकिरड्यावर झेपावणारी घार झाली 'पारिया काइट'. एका जिवंत समाजाचे नाव कुत्र्याला आणि घारीला शिवी म्हणून चिकटवले. आणि पांढऱ्या डोक्याच्या घारीला दिले 'ब्राह्मणी'. देखण्या पक्ष्याला वरची जात, उकिरड्यावरच्या पक्ष्याला खालची.

गंमत अशी की ही 'ब्राह्मणी' घार बंदरावर मेलेले मासे आणि कोळणींनी फेकलेली आतडीच उचलत होती. पोरांनी ते डोळ्यांनी पाहिले. दोघींचे ताट एकच, जात मात्र वेगळी.

आता शास्त्रीय नाव काय आहे ते पाहू. राग योग्य ठिकाणी काढायचा असेल तर नाव कोण ठेवते आणि कसे ठेवते हे माहीत हवे.

1783 साली पीटर बोडार्ट नावाच्या डच डॉक्टरने पक्ष्यांच्या रंगीत चित्रांच्या एका फ्रेंच संग्रहाला नावे दिली. त्यात आपल्या दोन्ही घारी आहेत. एकीला त्याने म्हटले फाल्को मायग्रन्स, दुसरीला फाल्को इंडस. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे कुळाच्या नावासारखा. दुसरा शब्द त्या जातीचा. मायग्रन्स म्हणजे स्थलांतर करणारी. इंडस म्हणजे हिंदुस्थानची, कारण ते चित्र पुदुच्चेरीच्या पक्ष्याचे होते. नीट बघा, त्याने दोघींना एकाच कुळात बसवले. एकीची सवय पाहिली, दुसरीचा मुलूख पाहिला. जात कुठेही नाही.

पुढे अभ्यास वाढला तेव्हा लक्षात आले की या दोघी ससाण्यांच्या, म्हणजे फाल्कोच्या, कुळातल्या नाहीत आणि एकमेकींपासूनही वेगळ्या आहेत. म्हणून पहिला शब्द बदलला. आज तपकिरी घार आहे मिल्व्हस मायग्रन्स, तांबूस घार आहे हॅलिअस्टर इंडस. दुसरा शब्द मात्र तोच राहिला. नियमच तसा आहे: कुळ बदलले तरी पहिल्यांदा दिलेला दुसरा शब्द सोबत जातो, आणि बोडार्टचे नाव कंसात लिहितात. तो कंस दिसला की समजायचे, हा जीव आधी दुसऱ्या कुळात मोजला जात होता.

आता आपल्या मातीतला भाग. 1832 साली कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. इथली तपकिरी घार त्याला नवीन जात वाटली. त्याने नाव दिले मिल्व्हस गोविंदा. नंतर कळले की ही तीच जात, जिला बोडार्टने 1783 मध्ये नाव दिले आहे. मग कोणते नाव खरे? नियम सरळ आहे: जुने ते टिकते. प्राण्यांसाठी ही मोजणी लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून सुरू होते, वनस्पतींसाठी 1753 च्या ग्रंथापासून. म्हणून मायग्रन्स जिंकले आणि गोविंदा तिसऱ्या जागी गेले. भारतातल्या या उपजातीचे पूर्ण नाव आज मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा असे आहे. म्हणजे इंग्रजी पुस्तके ज्या पक्ष्याला 'पारिया' म्हणून हिणवत होती, त्याचे शास्त्रीय नाव होते गोविंदा!

शास्त्रीय नावाने वर्णन बरोबर करायलाच हवे असेही नाही. आपल्या शहरातल्या बहुतेक घारी वर्षभर इथेच राहतात, तरी नाव 'स्थलांतर करणारी'. चुकीचे वर्णन हे नाव बदलण्याचे कारण होत नाही. ते नाव पत्त्यासारखे काम करते. जगात कुठेही मिल्व्हस मायग्रन्स म्हटले की एकच पक्षी समजतो.

चालू नावांचे तसे नाही. त्यांना ना नियम, ना नोंदणी, ना जुने-नवे. ज्याच्या तोंडात जे बसले ते नाव. आपण 'घार' म्हणतो तेव्हा मिल्व्हस, हॅलिअस्टर आणि पांढुरकी छोटी कापशी घार, म्हणजे एलॅनस, अशी तीन वेगळी कुळे एका शब्दात येतात. उलट एकाच हॅलिअस्टर इंडसला आपल्याकडे ब्राह्मणी घार म्हणतात आणि केरळात कृष्णपरुंतु. म्हणजे केरळने कृष्णाचे नाव एका घारीला दिले, सायक्सने गोविंदा दुसरीला. आता नुसते 'कृष्णाची घार' म्हटले तर कोणती समजायची? आज इंग्रजी पुस्तके मिल्व्हसला 'ब्लॅक काइट' म्हणतात आणि ती काळी नाहीच. चालू नाव हे बघणाऱ्याच्या नजरेतून येते, म्हणून दोन गावांची नावे भांडतात. आणि बघणाऱ्याच्या नजरेत जात असेल, तर नावातही जात उतरते.

नजर बदलली की नाव कसे बदलते पाहा. इंग्रजीत जिला 'ब्राह्मणी मैना' म्हणतात, तिला मराठीत भांगपाडी मैना म्हणतात. आपल्या माणसांनी तिच्या डोक्यावरची काळी, मागे वळवलेली पिसे पाहिली. 'ब्राह्मणी डक' आपल्याकडे चक्रवाक आहे. पक्ष्याकडे बघून नाव ठेवता येते, त्यासाठी मनुस्मृती उघडावी लागत नाही.

कुत्र्याचे तर आणखी स्पष्ट आहे. बंगल्यातला पामेरियन आणि वस्तीतला मोत्या, दोघांचे शास्त्रीय नाव एकच: कॅनिस फॅमिलिॲरिस. लिनियसने 1758 मध्ये दिलेले. प्राणिशास्त्रात 'पारिया' नावाची वेगळी जात नाही. ती विभागणी माणसांनी केली.

आता हरकती. पहिली हरकत: "नावे बदलली तर शास्त्र कोलमडेल." शास्त्रीय नावांबाबत या हरकतीत दम आहे. दोनशे वर्षांच्या नोंदी, संग्रहालयातले नमुने, शोधनिबंध त्या नावाने जोडलेले असतात. याच कारणाने प्राण्यांची आंतरराष्ट्रीय समिती नैतिक कारणासाठी नावे बदलायला तयार नाही. 1937 मध्ये गुहेतल्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला हिटलरचे नाव दिले गेले, अनोफ्थॅल्मस हिटलेरी. ते आजही तसेच आहे. पण ही हरकत चालू नावाला लागूच पडत नाही. अमेरिकेत एका पक्ष्याला मॅककाउन या सेनापतीचे नाव होते. तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला. 2020 मध्ये पक्ष्याचे इंग्रजी नाव बदलले. शास्त्रीय नावातले 'मॅककाउनी' आहे तिथेच आहे. शास्त्राला धक्का लागला नाही.

आणि शास्त्रीय नाव कधीच बदलत नाही, हेही खरे नाही. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना 'काफिर' अशी शिवी दिली जाई. तो शब्द शेकडो वनस्पतींच्या नावात बसला होता. आपल्या पांगाऱ्याच्या आफ्रिकेतल्या भावंडाचे नाव एरिथ्रिना काफ्रा होते. दक्षिण आफ्रिकेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी रीतसर प्रस्ताव दिला, आणि जुलै 2024 मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गुप्त मतदान झाले. 351 विरुद्ध 205 मतांनी ठरले की 'काफ्रा' जाऊन 'आफ्रा', म्हणजे आफ्रिकेची, असे होईल. शिवी काढायला एक अक्षर पुरले. त्यांनी सभागृहाबाहेर नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. नियम वाचला, प्रस्ताव लिहिला, मते मिळवली. आपल्याला ही पद्धत ओळखीची वाटायला हवी.

दुसरी हरकत आपल्याच काही मित्रांची: "मग गोविंदा पण काढा, ते तरी कशाला?" माझे उत्तर नाही असे आहे. गोविंदा कुणाला हिणवत नाही. जे नाव कुणाला खाली दाबते त्याविरुद्ध लढायचे. न आवडणाऱ्या प्रत्येक नावाविरुद्ध लढलो तर खरी तक्रार कुणी ऐकणार नाही.

तिसरी हरकत: "नावात काय आहे?" 1938 साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' शब्दाला विरोध करून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर पडले होते. नावात काय असते हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

एक गोष्ट खास लक्षात ठेवा. नव्या इंग्रजी पुस्तकांतून 'पारिया काइट' गेले, 'ब्लॅक काइट' आले. पण 'ब्राह्मणी काइट' तसेच राहिले. खालची पायरी गुपचूप काढली, वरची ठेवली. एक पायरी काढली म्हणून जिना जात नाही.

म्हणून शाळेच्या प्रकल्पात, सहलीच्या फलकावर, फोटोखाली आपण असे लिहावे: घार, मिल्व्हस मायग्रन्स. तांबडी घार, हॅलिअस्टर इंडस. कुत्र्याला गावठी कुत्रा म्हणा, देशी म्हणा, 'पारिया' नको. यासाठी कुठल्या समितीची परवानगी लागत नाही. चालू नाव बोलणाऱ्यांचे असते, आणि बोलणारे आपण आहोत.

त्या नववीतल्या मुलीने परतल्यावर वहीत दोन्ही घारींची चित्रे काढली. खाली फरक लिहिला: एकीची शेपूट दुभंगलेली, दुसरीची गोल. ओळखायला तेवढे पुरते.

जय भीम.