कडक भाकरीच्या ब्रँड करारात दुरुस्तीसाठी मागणीपत्र

प्रति,
ब्रँडधारक कंपनीचे संचालक मंडळ

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत ज्वारीची कडक भाकरी करून कंपनीच्या नावाखाली विकणाऱ्या महिला गटांच्या संघातर्फे हे पत्र देत आहोत. भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांतल्या सर्व सदस्य गटांनी त्याला सभेत मंजुरी दिली आहे. चालू कराराची मुदत संपत आली आहे. प्रदेश, गुणवत्ता आणि रॉयल्टी या तीन कलमांत दुरुस्ती झाल्याखेरीज नूतनीकरणावर सही करायची नाही, असा संघाचा ठराव आहे.

प्रदेश

चालू करारात विक्रीचा प्रदेश फक्त दोन जिल्ह्यांचा आहे. भालकीच्या गटाला उदगीर बीदरइतकेच जवळ पडते. बसवकल्याणचा माल हमरस्त्याने उमरग्याला सहज जातो आणि आळंदच्या बायकांचे बाजारहाट, सोयरीक सगळे सोलापूरकडे आहे. कडक भाकरीची रोजची गिऱ्हाइके या गावांत आहेत. तरीही उदगीरच्या दुकानदाराने मागवलेला माल दिला म्हणून गटांना करारभंगाच्या नोटिसा आल्या.

ही मनाई कायद्याने सक्तीची केलेली नाही. व्यापारचिन्हाची नोंदणी चेन्नईच्या निबंधक कार्यालयात झाली असली तरी तिचा हक्क देशभर चालतो. करापुरतीही अडचण उरलेली नाही. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची असते आणि लहान गट तिथेच अडत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चपाती, रोटी आणि तत्सम भारतीय भाकऱ्यांवरचा कर शून्य झाला. त्यामुळे निव्वळ भाकरी विकणाऱ्या गटाला सीमा ओलांडण्यासाठी ही नोंदणी लागत नाही. भाकरीसोबत शेंगाचटणी विकणाऱ्या गटाला मात्र ही सूट पुरत नाही. असे गट चटणीचा हिशेब वेगळा ठेवतील आणि नोंदणीही करतील.

म्हणून कराराच्या परिशिष्टात लातूर, धाराशिव आणि सोलापूर हे जिल्हे व तेलंगणातील जहीराबाद यांचा समावेश करावा. एकाधिकार आम्ही मागत नाही. सोलापुरात कडक भाकरी करणारे हात आधीपासून आहेत आणि कंपनीने त्यांनाही परवाना द्यावा. पण या प्रदेशात नवा परवाना देण्यापूर्वी तेवढा माल पुरवण्याचा प्रस्ताव संघापुढे ठेवावा आणि उत्तरासाठी ६० दिवस द्यावेत. प्रदेशाबाहेरून ग्राहकाने आपणहून माल मागवला, तर तो पुरवणे करारभंग धरू नये.

यालाच जोडून आणखी एक मागणी आहे. आमच्या पाकिटासारखीच पाकिटे बाजारात आली की नुकसान आमचे होते, पण दावा लावायचा अधिकार आम्हाला नाही. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार नोंदणीकृत वापरकर्त्याला करारात मनाई नसेल तर स्वतःच्या नावाने दावा लावता येतो, केवळ लेखी परवानगीवर चिन्ह वापरणाऱ्याला येत नाही. नव्या कराराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत कंपनीने संघासोबत नोंदणीकृत वापरकर्त्याचा संयुक्त अर्ज करावा.

गुणवत्ता

गुणवत्तेची तपासणी आम्हाला नको आहे, असा गैरसमज कंपनीने करून घेऊ नये. ती नीट व्हावी एवढेच आमचे म्हणणे आहे. दर्जाची अट कागदावर ठेवून अमलात आणली नाही, तर वापरकर्त्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निबंधकाला आहे. म्हणजे ही जबाबदारी कंपनीचीही आहे.

आज माल डेपोत उतरल्यावर नजरेने नापास होतो. कारण लेखी मिळत नाही आणि पैसे मात्र कापले जातात. वाटेत फुटलेली भाकरीसुद्धा आमच्याच खात्यावर पडते.

भाकरीत दोष कुठे येतो हे थापणाऱ्या बाईला ठाऊक असते. तव्यावरून उतरलेली भाकरी मंद आचेवर पूर्ण वाळली नाही, तर कड मऊ राहते आणि मोडताना कट्कन न तुटता आधी वाकते. गरम असतानाच पाकिटात भरली, तर पिशवीला आतून घाम सुटतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. हे दोन्ही दोष आमचे आहेत आणि त्यांची भरपाई आम्ही देऊ. थापताना कडा चिरतात तेव्हा मात्र बहुधा पीठ शिळे असते, त्याची विरी गेलेली असते. हे पीठ कराराप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या गिरणीतूनच घ्यावे लागते. ते किती दिवसांपूर्वी दळले, हे पोत्यावर लिहिलेले नसते.

तेव्हा कंपनीने भाकरीचा व्यास, वजन, ओलाव्याची कमाल मर्यादा, करपण्याची मर्यादा आणि पाकीट बंद करण्यापूर्वी भाकरी निवू देण्याचा वेळ एका पानावर मराठी व कन्नडमध्ये लिहून द्यावा. अट ज्वारीच्या प्रतीची आणि पीठ दळल्याच्या तारखेची असावी, गिरणीची नसावी. तपासणी माल गाडीत चढण्यापूर्वी गटाच्या जागेवर व्हावी. प्रत्येक खेपेचे दोन नमुने सीलबंद करून एक कंपनीकडे आणि एक गटाकडे राहावा. वाद झाला तर सात दिवसांत नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावा आणि ज्याचे म्हणणे चुकीचे ठरेल त्याने खर्च सोसावा. कामाच्या वेळात न सांगता पाहणीला येण्यास संघाची हरकत नाही. गाडी निघाल्यानंतरची फूट वाहतूकदाराकडून वसूल करावी.

रॉयल्टी

सध्या छापील किमतीच्या ५ टक्के रॉयल्टी घेतली जाते. सोपा आकडा घेऊ. पाकिटाची छापील किंमत १०० रुपये आहे आणि दुकानदार व वितरकाचे ३० रुपये गेल्यावर गटाच्या हाती ७० येतात. रॉयल्टीचे ५ रुपये आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी ९० पैसे, असे ५ रुपये ९० पैसे जातात. हातात पडलेल्या रकमेशी ताडून पाहिले तर हा दर सुमारे ८.४ टक्के होतो. भाकरीवरच कर नसल्याने हे ९० पैसे आम्हाला कुठे वळतेही करून घेता येत नाहीत. पीठ, सरपण, मजुरी आणि पाकीट यांवर ६२ रुपये खर्च झाला असेल, तर उरलेल्या ८ रुपयांपैकी गटाकडे २ रुपये १० पैसे राहतात.

रॉयल्टी गटाला प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर, परत आलेला माल वजा करून, जीएसटीसह ५ टक्के असावी. वरच्या हिशेबात ती ३ रुपये ५० पैसे होते आणि गटाकडे ४ रुपये ५० पैसे राहतात. प्रदेश वाढल्यावर विक्री वाढेल, त्यामुळे कंपनीचे एकूण उत्पन्न घटेलच असे नाही. हिशेब तिमाही असावा. जून ते सप्टेंबर भाकरी वाळवणे अवघड जाते, म्हणून या चार महिन्यांना किमान रॉयल्टीची अट लागू नसावी.

करार संपल्यानंतर

करार संपल्यावर दोन वर्षे स्वतःच्या नावाने भाकरी विकायची नाही, हे कलम काढून टाकावे. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केलेली बंदी करार चालू असतानाची होती. तेवढी आम्हीही पाळतो. मुदतीनंतरची बंदी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. छापलेली पाकिटे संपवायला ९० दिवस मिळावेत.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने बसवकल्याण येथे संघाच्या प्रतिनिधींसोबत बैठक घ्यावी आणि दुरुस्त मसुदा बैठकीच्या आठ दिवस आधी पाठवावा. बैठक होईपर्यंत चालू कराराप्रमाणे माल आणि रॉयल्टी दोन्ही वेळेवर पोहोचतील. मुदतीत उत्तर आले नाही, तर सदस्य गट नव्या पाकिटांची मागणी नोंदवणार नाहीत.

आपले,
संघाचे अध्यक्ष, सचिव आणि तालुका प्रतिनिधी