‘पुन्हा एकदा सांगा’ म्हणण्याआधी

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावं जमीनदोस्त झाली. मी तिसऱ्या दिवशी किल्लारीत पोहोचलो. पत्रकारितेत नवा होतो, खिशात वही होती आणि संध्याकाळपर्यंत ‘ह्यूमन स्टोरी’ पाठवायचा आदेश होता. दगडामातीच्या जाड भिंती आणि त्यावरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. पाऊस थांबत नव्हता. सरणाला कोरडं लाकूड मिळत नव्हतं.

ढिगाऱ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, घरात कोण कोण होतं?” त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी म्हणाल्या, “मी अंगणात व्हते.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पोराचा हात धरून व्हते.” मुलगा तर आत दगावला होता. मी वहीत कंसात ‘विसंगती’ असं लिहिलं आणि अडवलं, “तुम्ही नक्की कुठे होता? अंगणात की आत? पुन्हा एकदा सांगा.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नजर एका जागी थिजली आणि त्या बोलायच्या थांबल्या, त्या थांबल्याच. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, “साहेब, सकाळपासून सात जणांनी हेच विचारलं.”

त्यांच्या सांगण्यात खोटं काहीच नव्हतं. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण मनात सलग साठत नाही. एखादा आवाज, एखादा वास, हाताला झालेला स्पर्श लख्ख राहतो. वेळ आणि क्रम मात्र पुसट होतात. त्यामुळे खरं सांगणारी व्यक्तीही मागेपुढे सांगते, एखादा तुकडा गाळते, दुसऱ्या दिवशी नवा तुकडा सांगते. पोलिसांना आणि वकिलांना यात बनाव दिसतो. आम्हा पत्रकारांनाही दिसतो, कारण आमच्या बातमीला काळ-वेळ-स्थळ एका ओळीत लागतं. पण ते तपासण्याची जागा त्या बाई नव्हत्या. तलाठ्याचा पंचनामा, मृतांची यादी, शेजारी, मदतपथकाची नोंद हे सगळं हाताशी होतं. ‘विसंगती’ त्यांच्याकडूनच सोडवून घेणं हा माझा आळस होता, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

हे आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. आपल्या चळवळीतले तरुण कार्यकर्ते पुरात, दरडीत, दंगलीनंतर वस्त्यांमध्ये जातात. सत्यशोधन समितीच्या नावाने जबाब घेतात, मोबाइलवर चित्रण करतात, आपल्याच नियतकालिकाला पाठवतात. त्यातला कोणीही पत्रकारितेच्या वर्गात बसलेला नाही. मीही नव्हतो. म्हणून ती मुलाखत आज मला पुन्हा घ्यावी लागली, तर कशी घेईन ते सांगतो.

बसण्यापूर्वी मी विचारीन, “हे आधी कोणाला सांगितलंय का?” सांगितलं असेल आणि ती नोंद आमच्याच माणसाकडे असेल, तर बाईंच्या परवानगीने तीच वापरीन. दंगलीनंतरच्या छावणीत एकच स्त्री पोलिसांना, वकिलाला, संस्थांना, वाहिन्यांना तीच रात्र पुन्हा पुन्हा सांगते. प्रत्येक जण ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून येतो.

मग मी माझं नाव, नियतकालिकाचं नाव आणि काय छापणार आहे हे सांगीन. अर्धा तास लागेल, कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येईल, नुसता हात वर केला तरी मी थांबेन, हेही सांगीन. ज्याचं घरदार हातचं गेलंय त्याच्या हाती निदान हा अर्धा तास असावा, इतकाच त्यामागचा विचार. कुठे बसायचं ते त्या ठरवतील. मी एवढंच बघीन की ढिगारा त्यांच्या पाठीमागे राहील. 

भाषेचाही प्रश्न आहे. मराठवाड्यातल्या आपल्या अनेक घरांत बायका दखनीत बोलतात आणि शाळेत जाणारा मुलगा मराठीत उलथा करून सांगतो. म्हणजे बाप कसा मारला गेला हे दहा वर्षांच्या पोराने आईच्या तोंडून ऐकून आपल्या तोंडाने पुन्हा बोलायचं. हे होता कामा नये, दुभाषा घराबाहेरचा हवा. आणि नवरा गेलेली बाई इद्दतीत असेल, तर चार महिने दहा दिवसांच्या त्या काळात परपुरुषांचा घोळका उंबऱ्यात उभा करू नये. बाईंची इच्छा असेल तर महिला कार्यकर्तीने एकटीने जावं, नाहीतर थांबावं. बातमी शिळी होईल, होऊ दे.

पहिला प्रश्न मृत्यूचा नसेल. घरात कोण होतं, कोण काय करायचं, रानात काय पेरलं होतं, हे विचारीन. मग म्हणेन, “तुम्हाला जिथून सांगावंसं वाटतं तिथून सांगा.” आणि गप्प बसेन. मध्ये शांतता आली तरी मनात दहा अंक मोजीन. नवखा पत्रकार याच शांततेला घाबरतो आणि नेमका चुकीचा प्रश्न फेकतो. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळीन. “का पळाला नाहीत?”, “मुलाला का उठवलं नाही?” यात प्रश्न कमी आणि आरोप जास्त ऐकू येतो, आणि वाचलेला माणूस तोच आरोप रात्रंदिवस स्वतःवर करत असतो. “कसं वाटतंय?” हा प्रश्न तर मला आता उच्चारताही येत नाही. “मला समजतं” हेही म्हणणार नाही, कारण मला समजत नाही.

बोलता बोलता माणूस त्या प्रसंगात परत गेला, तर ते ओळखता येतं. श्वास उथळ आणि जलद होतो, डोळे एका बिंदूवर खिळतात, ‘पडली भिंत’चं ‘पडतेय भिंत’ होतं, विचारलेलं ऐकू येईनासं होतं. मावशींचं हेच झालं होतं. अशा वेळी प्रश्न बंद. हळू आवाजात आज कोणता वार, आपण कुठे बसलोय ते सांगायचं, पाय जमिनीला टेकवायला सांगायचं, पाणी पुढे करायचं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. पाच मिनिटांत माणूस परत आला तरी तो विषय त्या दिवसापुरता संपला. इथे आपली मर्यादाही ओळखली पाहिजे. आपण डॉक्टर नाही. ‘बोलून मोकळं करतो’ या भ्रमात कोणाच्या मनाचं झाकण उघडून निघून येऊ नये.

शेवटची दहा मिनिटं मी आजच्या दिवसाकडे वळवीन. रात्री कुठे झोपणार, कागद कोणते हवेत, सोबत कोण आहे. मग वहीतली त्यांची वाक्यं वाचून दाखवीन आणि पुन्हा परवानगी मागीन, कारण बोलण्याच्या ओघात माणूस ठरवल्यापेक्षा जास्त सांगून जातो. आता तर छापलेलं इंटरनेटवर राहतं. मुलगी मोठी झाल्यावर आपल्या आईचं नाव शोधेल, तेव्हा काय सापडेल? लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, आणि गावाचं नाव, सासर आणि घराचा फोटो मिळून ओळख होतेच.

आणखी एक कबुली. मावशींच्या मुलाचा शाळेतला एक फोटो शेजाऱ्याने ढिगाऱ्यातून काढून दिला होता. छापून परत देतो असं सांगून मी तो नेला. अंक निघाला, फोटो कार्यालयात कुठेतरी गहाळ झाला. दोन वर्षांनी पुनर्वसित गावात त्या भेटल्या. त्यांनी मुलाखतीचा विषय काढला नाही. “तेवढा फोटो आणलात का?” एवढंच विचारलं. आज मोबाइलने जागेवरच प्रत काढता येते. मूळ फोटो कोणीही उचलून नेऊ नये.

आता नेणाऱ्याविषयी. किल्लारीहून परतल्यावर कित्येक महिने मला पहाटे चारच्या आत जाग यायची. ओल्या मातीचा वास आला की जेवण जात नसे. मी कोणाला सांगितलं नाही, कारण ज्यांचं सगळं गेलं त्यांच्यापुढे आपलं काय, असं वाटायचं. जवळजवळ प्रत्येक बातमीदार असंच म्हणतो. टोरंटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी 2002 साली 140 युद्धवार्ताहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ज्यांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या, त्यांपैकी 28.6 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार झालेला होता. पुढे त्यांनी न्यूजरूममध्ये बसून लोकांनी पाठवलेली हिंसेची चित्रणं तपासणाऱ्यांचाही अभ्यास केला. एका बैठकीत किती वेळ पाहिलं यापेक्षा किती वारंवार पाहिलं याचा त्रासाशी जास्त संबंध दिसला. म्हणजे घरी बसून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दंगलीचे व्हिडिओ रोज पडताळणारी आपली मुलं सुरक्षित आहेत असं समजू नये.

ऑस्ट्रेलियात 2019 साली व्हिक्टोरिया राज्यातल्या न्यायालयाने ‘द एज’ या वृत्तपत्राला एका महिला पत्रकाराला 1 लाख 80 हजार डॉलर भरपाई द्यायला लावली. वर्षानुवर्षं ती खून-अपघात लिहीत होती. त्रास होतोय असं तिने सांगितलं, तरी पुढे खुनाचे खटलेच तिच्या वाट्याला आले. न्यायालयाने ही मालकाची जबाबदारी मानली. आपल्याकडे तालुक्याचा वार्ताहर बातमीमागे मानधनावर जगतो, ‘मला नको’ म्हटलं तर दुसरा तयार असतो. पुष्कळदा दरडीखाली गेलेलं गाव त्याच्याच नातेवाइकांचं असतं.

म्हणून या अंकापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. वस्तीत दोघे जातील, एक बोलेल, दुसरा दोघांवर लक्ष ठेवील. दिवसाला दोनच्या वर अशा मुलाखती नाहीत, आणि सलग दुसऱ्या घटनेवर तोच माणूस जाणार नाही. चित्रण पडताळताना आवाज बंद, चौकट लहान, आणि झोपण्यापूर्वी अजिबात नाही. फाइलच्या नावातच आत काय आहे ते लिहायचं, म्हणजे दुसऱ्याने बेसावध उघडू नये. परतल्यावर त्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून ‘मन मोकळं करा’ अशी सक्तीची बैठक घेणार नाही. एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने विकार टळत नाही, काहींना उलट अपाय होतो, असं संशोधन सांगतं. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने एक जण फोन करील आणि झोप, भूक, चिडचिड एवढंच विचारील. पहिले काही आठवडे झोप उडणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही तेच दृश्य डोळ्यांपुढे येत असेल, त्या रस्त्याने जाणं टाळलं जात असेल, घरच्यांवर हात उगारला जात असेल, तर डॉक्टरकडे जायचं. तिथवर पोहोचायला 14416 ही सरकारची टेली-मानस मोफत सेवा आहे, तिच्यावर मराठीतही बोलता येतं. तपासणीचा आणि प्रवासाचा खर्च नियतकालिक देईल, आणि त्या महिन्याचं मानधन कापलं जाणार नाही.

फोन करण्याचं काम पहिले सहा महिने मी स्वतः घेतलं आहे. गेल्या पावसाळ्यात पूरग्रस्त वस्तीत गेलेल्या तिघांपासून सुरुवात केली. दोघांनी “ठीक आहे सर” म्हटलं. तिसऱ्याने फोन उचलला नाही. त्याच्या घरी उद्या जाणार आहे.