गिरणी टाकण्याआधी पाच प्रश्न, खोडाळ्याचे

खोडाळा, सूर्यमाळ, सायदे, जोगलवाडी या भागात धंदा सुरू करायला निघालेल्या माझ्या भावाबहिणींनो, तुमच्यासाठी हे लिहितो आहे. कर्जासाठी प्रकल्प अहवाल करताना त्यात ‘पाच शक्तींचे विश्लेषण’ असा तक्ता असतो. बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या अहवालातून उचललेला असतो. स्पर्धा मध्यम, नवीन प्रवेशाचा धोका कमी, पर्यायांचा धोका कमी, पुरवठादार कमजोर, ग्राहक कमजोर. पाच ओळी भरल्या की पान उलटतं. माझी कळकळीची विनंती आहे, त्या पानावर थांबा. तुमचं कर्ज फिटणार की नाही, हे त्याच पानावर ठरतं.

ही पद्धत मायकेल पोर्टर या अमेरिकन प्राध्यापकांनी 1979 साली मांडली. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. धंद्यात मिळणाऱ्या चार पैशांपैकी मालकाच्या हातात किती उरतात आणि बाकीचे कोण घेऊन जातं? घेऊन जाणारे पाच असू शकतात: शेजारचा स्पर्धक, उद्या येणारा नवा धंदेवाला, तुमच्याऐवजी दुसऱ्या वाटेने काम भागवणारी सोय, तुम्हाला माल देणारा आणि तुमचं गिऱ्हाईक. म्हणून तक्त्यात ‘कमी-मध्यम-जास्त’ लिहून भागत नाही. कोण, कोणत्या महिन्यात, किती रुपये नेतो, ते लिहायचं असतं.

उदाहरणाला पीठगिरणी घेऊ. दळण कसं असतं हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढचे आकडे मी हिशोबापुरते धरले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

आधी धंद्याची हद्द आखा. पुस्तकात ‘बाजारपेठ’ म्हणजे शहर किंवा देश असतो. गिरणीची बाजारपेठ म्हणजे डोक्यावर पाच-सात किलोचं दळण घेऊन एखादी बाई जिथून चालत येऊन परत जाईल तेवढं अंतर. नकाशावर तेवढ्या पाड्यांवर खुणा करा आणि घरं मोजा. पावसाळ्यात ओढा भरल्यावर कोणते पाडे तुटतात तेही लिहा. दळून देणं आणि पीठ विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत, हेही इथेच ठरवून टाका. नागलीचं पीठ पिशवीत भरून नाशिकला पाठवायचं असेल, तर नागली तुम्हाला विकत घ्यावी लागेल. तिचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये आहे, म्हणजे किलोला जवळपास 49. शेतकऱ्याला त्या भावाने विकायची दुसरी जागा मिळाली, तर तो तुम्हाला त्याखाली देणार नाही. नाशिकच्या दुकानात तुमच्या पिशवीशेजारी मोठ्या कंपन्यांच्या पिशव्या असतील. त्या धंद्याच्या पाचही शक्ती वेगळ्या आहेत. दोन्ही धंदे एका तक्त्यात कोंबू नका. इथे आपण फक्त दळून देण्याचं बोलू.

शेजारची गिरणी. छापील तक्ता म्हणतो की स्पर्धक दर पाडतो. गावात दळणाचा दर सगळ्यांना माहीत असतो आणि सहसा सारखाच असतो. गिऱ्हाईक तुटतं ते वेगळ्या कारणांनी. दगड फार जवळ घेतले की पीठ गरम होऊन येतं. हाताला चटका बसला तर त्या पिठाची भाकरी बिघडणार हे बाईला जागेवरच कळतं. दगडाला टाकी लावल्यावर पहिला घाणा कोंड्याचा किंवा टाकाऊ धान्याचा काढला नाही, तर पिठात कचकच येते. नागलीनंतर जातं साफ न करता गहू टाकला तर पीठ काळपट पडतं. तुम्हाला दुसऱ्या गिरणीशी लढायचं असेल तर या तीन गोष्टींवर लढा. दर एक रुपयाने उतरवलात तर समोरचाही उतरवील आणि दोघांचंही नुकसान होईल.

माल देणारा. गिरणीचा खरा पुरवठादार म्हणजे वीज. तिथे घासाघीस नाही. दहा अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण आठ युनिट खाते असं धरा आणि तासाला शंभर किलो दळण निघतं असं धरा. युनिटला आठ रुपये पडले तर शंभर किलोला 64 रुपये लागतात. हे ऐकायला थोडं वाटतं. पण दोन किलोच्या दळणासाठी मोटर सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली, की हा हिशोब राहत नाही. शिवाय बिलातला स्थिर आकार गिरणी बंद असली तरी भरावाच लागतो. वीज स्वस्त करणं तुमच्या हातात नाही. दळणाची वेळ ठरवणं आहे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि मध्ये दळणं जमा करून ठेवायची. टाकी लावायला बाहेरून कारागीर येत असेल तर तोही पुरवठादारच. तो आठ दिवस आला नाही तर आठ दिवस गिरणी खराब पीठ देईल. टाकी लावायला स्वतः शिका, म्हणजे त्याच्यावर अडून राहावं लागणार नाही.

गिऱ्हाईक. पुस्तकी नियम सांगतो की गिऱ्हाईकं लहान आणि पुष्कळ असली तर त्यांचा जोर कमी. आपल्याकडे हा नियम अर्धाच लागू पडतो. दर कमी करा असं कुणी म्हणत नाही. “वीटभट्टीवरून आल्यावर देतो,” असं म्हणतात. समोर मामी, आत्या, भावकी असते, नाही म्हणता येत नाही. म्हणजे गिऱ्हाईकाचा जोर उधारीतून येतो. तो तक्त्यात रुपयांत लिहा: महिन्याच्या दळणापैकी किती रुपये महिनाअखेर हातात आले नाहीत? उधारीची मर्यादा पहिल्याच दिवशी पाटीवर लिहून सगळ्यांना सारखी लावली तर कुणाला वाईट वाटत नाही. वर्षभराने लावली तर भांडण होतं.

आता उरलेल्या दोन शक्तींकडे जरा सावकाश बघा. छापील अहवालात यांच्यापुढे ‘कमी’ लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे गिरणी यांच्यामुळेच बसते.

पहिली म्हणजे गिरणीशिवाय काम भागवणारी सोय. जानेवारी 2023 पासून अन्नसुरक्षेचं रेशन मोफत आहे. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं. त्यात गहू असेल तर तो दळावाच लागतो, गिरणीला काम मिळतं. तांदूळ असेल तर थोडा भाकरीला दळला जातो आणि बाकीचा भात म्हणून शिजतो. म्हणजे रेशनमधलं गहू-तांदळाचं प्रमाण बदललं की तुमचं दळण बदलतं, आणि त्यात शेजारच्या गिरणीचा काहीच दोष नसतो. आपल्या भागात कोणत्या महिन्यात काय धान्य आलं, हे रेशन दुकानदाराला विचारून मागच्या वर्षभराचं लिहून काढा.

दुसरी म्हणजे नवा धंदेवाला. तो मोठी गिरणी घेऊन येईल असं समजू नका. तो घरघंटीच्या रूपात येतो. महिलांसाठीच्या शासकीय योजनांतून घरघंटी अनुदानावर मिळते. ती घरच्या साध्या विजेवर चालते, थ्री-फेजची गरज नाही. ती तासाला थोडेच किलो दळते, मोठं दळण तिला झेपत नाही आणि भात तर ती भरडतच नाही. पण पाड्यावर एक घरघंटी आली की दोन-तीन किलोची रोजची दळणं तिथेच थांबतात. म्हणून तुमच्या हद्दीतल्या किती बचत गटांनी घरघंटीसाठी अर्ज केले आहेत, हे ग्रामपंचायतीत विचारा.

काही अहवालांत ‘शासन’ ही सहावी शक्ती म्हणून जोडलेली असते. पोर्टर यांनी 2008 साली तसं करू नका असं स्पष्ट सांगितलं. शासन या पाचांमधूनच काम करतं. आपल्या उदाहरणात ते दिसतंच: रेशन पर्यायातून आलं, घरघंटी नव्या धंदेवाल्यातून आली. नुसतं ‘शासन: अनुकूल’ लिहिलं असतं तर दोन्ही गोष्टी झाकल्या गेल्या असत्या.

आता हिशोब. समजा, महिन्याला 4,000 किलो दळण होतं आणि दर किलोला पाच रुपये आहे. 20,000 आले. विजेचे 2,560 गेले. दोन लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतलं असेल तर हप्ता सुमारे 5,300. उरले 12,000 च्या वर. अहवालात हाच महिना बारा वेळा लिहिलेला असतो.

पण दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, ठाण्याकडे कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निम्मं दळण गेलं असं धरा. 2,000 किलोंचे 10,000, वीज 1,280, हप्ता तोच. उरले साधारण 3,400. त्यात पाड्यांवर घरघंट्या आल्या आणि आणखी 500 किलो गेले. 1,500 किलोंचे 7,500, वीज 960, हप्ता 5,300. उरले 1,200 रुपये. स्थिर आकार, पट्टा, तुमची मजुरी सगळं त्यातूनच. उधारी अजून धरलेलीही नाही.

इथे नीट बघा. स्थलांतर ही पाचांपैकी कोणतीच शक्ती नाही. त्याने धंद्याचा आकार कमी होतो. ही पद्धत ऋतू सांगत नाही, ती तिची मर्यादा आहे. म्हणून पाच शक्तींचा तक्ता वर्षातून एक न करता दोन करा, एक पावसाळ्याचा आणि एक दिवाळीनंतरचा. तुमचा हप्ता दुसऱ्या तक्त्यातून निघाला पाहिजे.

तोच हिशोब जुन्या, चांगल्या स्थितीतल्या गिरणीवर करा. कर्ज 80,000, हप्ता सुमारे 2,100. सर्वांत वाईट महिन्यात 4,400 उरतात. आणि घरघंटीला जे जमत नाही, म्हणजे भात भरडणं आणि मोठी दळणं, त्यावर भर द्या. दुसरं जातं घेण्यापेक्षा भात भरडायचं यंत्र पुढे कधी परवडेल ते बघा. योजनांत अनुदान प्रकल्प खर्चाच्या टक्क्यांत मिळतं, आदिवासी उमेदवाराला ग्रामीण भागात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात 35 टक्क्यांपर्यंत. त्यामुळे खर्च फुगवण्याचा मोह होतो. पण हप्ता अनुदान वजा जाता उरलेल्या रकमेवर भरायचा असतो, आणि तो दर महिन्याला असतो.

म्हणून अर्ज देण्याआधी एक वही घ्या. चालू असलेल्या गिरणीजवळ दोन बाजारचे आणि दोन साधे दिवस बसा. कोणत्या पाड्यावरून कोण आलं, कोणतं धान्य, किती किलो, रोख की उधार, एवढंच लिहा. हेच दिवाळीनंतर पुन्हा करा. मग अहवालातलं ते छापील पान काढून वहीवरचं पान लावा, आणि कर्जाची रक्कम त्याच्यापुढे ठेवून पुन्हा ठरवा. ती कमी करावी लागली तर संकोच करू नका.